एसएसटी अहवालावरचं एक पान: सात महिने वापरून

जूनपासून आमच्या लॅबमधून निघणाऱ्या प्रत्येक सॉल्ट स्प्रे टेस्टच्या, म्हणजे एसएसटीच्या, अहवालावर मी एक पान लावते. मूळ अहवाल दहा-अकरा पानांचा असतो, आणि हे एक पान फक्त आमच्या प्लांट हेडसाठी. आतापर्यंत 31 अहवालांवर लावलं. त्यातली पहिली चार-पाच पानं आज काढून वाचली तर मलाच लाज वाटते.

आम्ही वाळूजला दुचाकीसाठी पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो. त्यांच्यावर जस्ताचं प्लेटिंग आणि वरून पॅसिव्हेशन, म्हणजे जस्त लवकर गंजू नये म्हणून दिलेला पातळ रासायनिक थर, बाहेरच्या प्लेटिंगवाल्याकडून होऊन येतं. आलेल्या लॉटमधले नमुने चेंबरमध्ये जातात, जिथे 35 अंशांवर 5 टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं अखंड पडत राहतं. ग्राहकाची अट अशी की 96 तासांपर्यंत पांढरा गंज दिसता कामा नये आणि 240 तासांपर्यंत लाल. प्लांट हेड लातूरचे, शिक्षण बी.कॉम. हिशोबाला इतके पक्के की ट्रान्सपोर्टच्या बिलातला दहा रुपयांचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही, पण चेंबर त्यांनी एकदाच उघडून बघितला आणि म्हणाले, "आपल्याकडं समुद्र कुठंय मॅडम, हे मिठाचं पाणी कशाला?"

पहिलं पान मी असं लिहिलं होतं: "आयएसओ 9227 नुसार न्यूट्रल सॉल्ट स्प्रे चाचणी घेण्यात आली. द्रावणाचा पीएच 6.5 ते 7.2 च्या मर्यादेत होता. सहापैकी तीन नमुन्यांवर 96 तासांपूर्वी पांढऱ्या गंजाचा प्रादुर्भाव आढळून आला." सरांनी वाचलं, पान उलटं करून मागे काही आहे का ते बघितलं, आणि विचारलं, "ह्याच्यात मला काय कळायचं? गाडी सोडायची का थांबवायची, तेवढं सांगा."

त्यांचं बरोबर होतं. अहवालाचीच छोटी आवृत्ती मी त्यांच्या हातात दिली होती. पीएच ठीक होता ही गोष्ट त्यांच्या कामाची नाहीच, ती माझ्या कामाची. पीएच बिघडला असता तर चाचणीच रद्द झाली असती आणि हे पान लिहायची वेळच आली नसती.

त्याच लॉटची गोष्ट पुढे सांगते, कारण सगळं मी तिथंच शिकले. लॉट 4,000 ब्रॅकेटचा. तीन नमुन्यांवर पांढरा गंज आला होता तो बेंडच्या आतल्या बाजूला, जिथं पत्रा वाकून खोबण होते. दुसऱ्या खेपेला मी पहिल्याच ओळीत लिहिलं, "हा लॉट पाठवू नये. सहापैकी तीन नमुने अटीत बसले नाहीत." सरांना हे लगेच कळलं. इतकं कळलं की त्यांनी तिथल्या तिथं गणित मांडलं: सहात तीन म्हणजे निम्मे, म्हणजे 2,000 चांगले आणि 2,000 खराब. "मग चार पोरं बसवा आणि चांगले निवडून काढा. ग्राहकाची लाइन थांबायला नको."

मी गारच पडले. वाक्य सोपं होतं, खरं होतं, आणि तरी त्यांना चुकीच्या निर्णयाकडे घेऊन गेलं. एक तर चेंबरमध्ये न घालता कुठला ब्रॅकेट टिकेल हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि जो चेंबरमध्ये गेला तो विकण्यालायक राहत नाही. दुसरं, सहा नमुन्यांवरून "निम्मे" म्हणता येत नाही. सहात तीन बाद झाले तेव्हा नेहमीच्या 95 टक्के खात्रीनं एवढंच सांगता येतं की लॉटमधला खराब माल साधारण 12 ते 88 टक्क्यांच्या मधे कुठंही असू शकतो. तेही नमुने सगळ्या लॉटमधून विखरून उचलले असतील तर. आमचे सहाही एकाच क्रेटमधून आले होते, हे नंतर स्टोअरच्या पोरानं सांगितलं.

म्हणून आता पानावर आकडा एकटा सोडत नाही. त्याच ओळीत त्या आकड्यावरून काय करता येत नाही तेही लिहिते. त्या लॉटचं शेवटचं पान जवळजवळ जसंच्या तसं देते:

"लॉट थांबवावा. सहापैकी तीन ब्रॅकेटवर 72 ते 96 तासांच्या मधे पांढरा गंज आला. अट 96 तास निर्धोक राहण्याची आहे. यावरून लॉटमध्ये किती माल खराब आहे ते सांगता येत नाही, आणि चांगला माल निवडून काढता येत नाही. जस्ताची जाडी बेंडमध्येही 9 मायक्रॉन आहे, अट 8 ची. म्हणजे जस्त पुरेसं आहे, संशय वरच्या पॅसिव्हेशनवर आहे. प्लेटिंगवाल्यानं जुना थर काढून पुन्हा पॅसिव्हेशन करावं, जाडी पुन्हा मोजावी. काम 2 दिवस, फेरचाचणी 4 दिवस. लाल गंजाचा निकाल अजून 6 दिवसांनी येईल. तोपर्यंत जस्त टिकेल हा जाडीवरून बांधलेला अंदाज आहे."

सरांनी वाचलं, फोन उचलला, ग्राहकाच्या माणसाला "सात दिवस द्या" म्हणाले आणि मग प्लेटिंगवाल्याला लावला. मला एकच प्रश्न आला: जाडी पुन्हा का मोजायची? जुना थर पातळ ॲसिडनं काढताना थोडं जस्तही जातं, आणि आपल्याकडं शिल्लक फक्त एका मायक्रॉनची आहे, एवढं सांगितल्यावर ते "बरं" म्हणाले. सहा दिवसांनी त्या नमुन्यांवर लाल गंज दिसला नाही.

जस्त आणि पॅसिव्हेशन वेगळे दाखवणारी ती ओळ या पानाची सगळ्यात उपयोगी ओळ आहे, असं माझं मत झालंय. पांढरा गंज हा जस्ताचा, लाल गंज हा खालच्या लोखंडाचा. पांढरा लवकर आला आणि जाडी नीट असली तर बोट पॅसिव्हेशनकडे जातं. जाडीच कमी असली तर लाल गंजाची भीती आणि प्लेटिंग नव्यानं करण्याचा खर्च. सरांना रसायन नको असतं, पण दुरुस्ती दोन दिवसांची की सगळं पहिल्यापासून, हे नक्की हवं असतं, आणि ते याच एका वाक्यावर ठरतं. सुरुवातीला मी नुसतं "गंज" लिहायची, सोपं पडावं म्हणून. एकदा त्यावरून सरांनी प्लेटिंगवाल्याला "लोखंड उघडं पडलंय" म्हणून झापलं, तो बिचारा जाडीचे रिपोर्ट घेऊन धावत आला, आणि मी कोपऱ्यात उभी. सोपं करताना दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं होतं मी.

सरासरीचाही एक किस्सा. ऑगस्टमध्ये एका पानावर मी "सरासरी 112 तास, अट 96" असं लिहून बसले. सर खूश. नमुने सहा होते, दोन 72 ला ठीक दिसले होते आणि 96 ला बाद, बाकीचे पुढे टिकले. सरासरीनं त्या दोघांना झाकून टाकलं. शिवाय आम्ही चेंबर 24 तासांतून एकदा उघडतो, त्यामुळे गंज नेमका कितव्या तासाला आला हे कुणालाच माहीत नसतं, "72 आणि 96 च्या मधे" एवढंच माहीत असतं. मधल्या रविवारी उघडला नाही तर तो मधला काळ 48 तासांचा होतो. अशा टप्प्यांची सरासरी काढायला कागद काही अडवत नाही, पण त्या आकड्याला अर्थ नसतो. मालात एकही बाद चालत नसेल तर पानावर सगळ्यात वाईट नमुना लिहायचा, सरासरी नाही.

वीज हा आमच्याकडचा खास विषय. सप्टेंबरात एका चाचणीच्या मधेच साडेपाच तास लाइट नव्हती आणि जनरेटर चेंबरला जोडलेला नाही. फवारा बंद असलेला वेळ आम्ही 96 तासांत धरत नाही, तेवढा पुढे वाढवतो. हे पानावर लिहावं का? नमुने लाइट जायच्या आधीच बाद झाले असते तर मी नसतं लिहिलं. पण त्या वेळी एक नमुना अगदी काठावर पास होता, म्हणून "मधे साडेपाच तास फवारा बंद होता, काठावरच्या निकालावर पूर्ण विसंबू नये" असं लिहिलं. तारखा आणि वेळा मात्र आत अहवालात. मी लावते ती कसोटी एवढीच: ही गोष्ट उलटी असती तर सरांचा निर्णय बदलला असता का?

आता तक्रारी. मोठी तक्रार अशी की पान एकटंच फिरतं. सर त्याचा फोटो काढून पाठवतात, आणि फोटोत वरच्या दोनच ओळी येतात. एकदा "लॉट पाठवायला हरकत नाही" एवढं ग्राहकाकडे पोचलं आणि खालचं "लाल गंजाचा निकाल बाकी आहे" हे कापलं गेलं. तेव्हापासून अट पहिल्याच वाक्यात घुसवते: "240 तासांचा निकाल येईपर्यंत सर आपल्या जबाबदारीवर लॉट सोडू शकतात." वाक्य ओबडधोबड होतं, पण कापता येत नाही.

दुसरी तक्रार त्या एका प्रश्नाची, जो दर महिन्याला येतोच: "240 तास म्हणजे गाडीवर किती वर्षं?" मार्केटिंगच्या एका माणसानं त्यासाठी गुणाकार सांगितला होता, तो मी कधी पानावर येऊ दिला नाही. मानकातच म्हटलंय की मिठाच्या फवाऱ्यातला टिकाव आणि बाहेरचा टिकाव यांचा थेट संबंध क्वचितच असतो. मी सरांना सांगते की ही चाचणी ह्या लॉटची मागच्या लॉटशी तुलना करायला आहे. समुद्राचा प्रश्नही तिथंच मिटला. ब्रॅकेट इथं बनतात, पण गाड्या रत्नागिरीलाही जातात.

वेळ म्हणाल तर आधी एका पानाला दीड तास लागायचा, आता पाऊण. त्यातला निम्मा पहिल्या वाक्यात जातो.

एक गोष्ट अजून जमलेली नाही, ती म्हणजे फोटो. चेंबरमधून काढल्याबरोबरच्या ब्रॅकेटवर वाळलेलं मीठ असतं, आणि फोनच्या फोटोत ते हुबेहूब पांढऱ्या गंजासारखं दिसतं. ऑक्टोबरात असाच एक न धुतलेला फोटो पानावर गेला आणि पास झालेला लॉट अर्धा दिवस अडकला. आता नमुना वाळवून, साध्या पाण्यात हलक्या हातानं धुऊन मगच फोटो काढते आणि गंजाच्या जागेभोवती मार्करनं गोल करते. तरी परवा सरांनी फोन केलाच: "मॅडम, तो काळा गोल कसला डाग आहे?"