तळ्यात-मळ्यात करणारा पहारेकरी: अनरियल इंजिनचे बिहेवियर ट्री सात महिने वापरल्यानंतर

लपूनछपून खेळायच्या एका छोट्या गेमसाठी मी गेले सात महिने अनरियल या गेम इंजिनमधील बिहेवियर ट्री, म्हणजे शत्रूने कधी काय करावे हे झाडासारख्या फांद्यांत मांडण्याचे साधन, रोज वापरत आहे. त्याच्या सगळ्या सोयींचा आढावा येथे घेणार नाही. या सात महिन्यांतील बराच काळ ज्या एकाच दोषाने खाल्ला, त्याविषयीच लिहितो, कारण तो दोष सोडवतानाच हे साधन मला खऱ्या अर्थाने कळले. खेळाडू शत्रूच्या नजरेच्या पल्ल्याच्या अगदी कडेवर असला की शत्रू पाठलाग आणि गस्त यांच्यात भराभर पालटत राहतो, असा तो दोष. तो इंजिनाचा नव्हता, माझ्या मांडणीचा होता, हे आधीच स्पष्ट करतो.

माझे झाड अगदी साधे होते. वर एक सिलेक्टर, म्हणजे डावीकडून चालू शकणारी पहिली फांदी निवडणारा; त्याच्या डावीकडे पाठलागाची फांदी आणि उजवीकडे गस्तीची. ठरावीक वेळाने चालणारी एक सर्व्हिस खेळाडूपर्यंतचे अंतर मोजून ब्लॅकबोर्डवरची, म्हणजे शत्रूच्या नोंदवहीतली, एक खूण लावत किंवा काढत असे: अंतर 1500 युनिटपर्यंत असेल तर पाठलाग, त्यापलीकडे गेले तर गस्त. अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, त्यामुळे हा पल्ला 15 मीटरचा झाला. पाठलागाच्या फांदीला अट लावणाऱ्या डेकोरेटरवर `Observer Aborts` ला `Both` दिले होते, म्हणजे खूण लागताच गस्त अर्धवट तुटावी आणि खूण जाताच पाठलाग तुटावा. सर्व्हिसचा मूळ `Interval` 0.5 सेकंदाचा असतो. शत्रू मंद वाटू नये म्हणून मी तो 0.2 केला होता.

मोकळ्या मैदानावर हे सगळे उत्तम चालले. दोष दिसला तो एका सज्जावर. पहारेकरी सज्जाच्या कठड्याशी उभा, खेळाडू खाली अंगणात निश्चल, आणि पहारेकरी जागच्या जागी पिसाळल्यासारखा वळत होता. पाठलागाच्या फांदीतील पहिलीच क्रिया ‘कोण आहे?’ असे ओरडण्याची होती. ती प्रत्येक वेळी नव्याने सुरू होऊन अर्ध्यावर तुटत असल्यामुळे ऐकू येत होते ते केवळ ‘कोण... कोण... कोण...’. दहा सेकंदांत मी चौदा वेळा ‘कोण’ मोजले.

खेळाडू हलत नसताना अंतर बदलते कसे, हा प्रश्न मला दोन दिवस पडला होता. उत्तर सज्जाच्या जिन्यात होते. पहारेकऱ्याचे कठड्यावरचे ठिकाण खेळाडूपासून 1440 युनिटवर होते, म्हणजे पल्ल्याच्या आत. पाठलाग सुरू होताच वाट शोधणारी यंत्रणा त्याला खाली जाण्याचा मार्ग देत असे. तो मार्ग मात्र मागच्या जिन्याने, म्हणजे आधी 400 युनिट खेळाडूच्या उलट दिशेला जात होता. त्या वाटेवर साठ युनिट चालताच अंतर 1500 ओलांडत असे, पाठलाग तुटत असे आणि गस्त त्याला पुन्हा कठड्याकडे आणत असे. कठड्याकडे वळून एक-दोन पावले टाकली की अंतर परत 1500 च्या आत. पाठलाग त्याला पल्ल्याबाहेर ढकलत होता आणि गस्त आत ओढत होती. हलणारा खेळाडू कडेवर मागेपुढे झाला तरी पालट होतो, पण तो खेळाडूच्या चालीमुळे होतो आणि खेळाडू कडेपासून दूर सरकला की थांबतो. सज्जावरचा हेलकावा शत्रूच्या स्वतःच्या चालीतून जन्मत असल्यामुळे आपोआप कधीच थांबत नाही.

निदान करताना एका सारख्या दिसणाऱ्या दोषापासून सावध राहावे लागते. ब्लॅकबोर्ड डेकोरेटरवर `Notify Observer` ला `On Value Change` दिले असेल आणि तो पाहत असलेली किल्ली, म्हणजे ब्लॅकबोर्डवरची नोंद, आपण सतत बदलत असू, उदाहरणार्थ खेळाडूची ताजी जागा तीत लिहीत असू, तर पाठलागाची फांदी दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. बाहेरून पाहता तेच अडखळणे, तोच तुटका आवाज. फरक कळतो तो झाडाच्या डिबगरमध्ये: खरा पालट असेल तर गस्तीची फांदी मधूनमधून उजळते, आणि फांदी नुसती पुन्हा सुरू होत असेल तर गस्त एकदाही उजळत नाही. दुसऱ्या प्रकारावर उपाय एका ओळीचा आहे, `On Result Change` निवडणे. चालू खेळात एकल अवतरण चिन्हाची कळ दाबून उघडणारा गेमप्ले डिबगरही येथे उपयोगी पडतो. झाड चालताना असे उघड दिसणे ही या साधनाची मला सर्वाधिक आवडलेली बाब आहे.

माझे पहिले दोन उपाय चुकीचे होते. सर्व्हिसचा `Interval` एक सेकंद केला, तेव्हा हेलकावा मंदावला, गेला मात्र नाही. शत्रू आता वेडा दिसण्याऐवजी बावळट दिसू लागला. मग पाठलागावर `Cooldown` डेकोरेटर बसवला. त्यामुळे पालट खरोखर थांबला, पण पाठलाग एकदा तुटला की ठरलेला वेळ संपेपर्यंत पहारेकरी नाकासमोर उभ्या खेळाडूकडेही ढुंकून पाहत नव्हता. मूळचा दोष त्यापेक्षा बरा होता.

योग्य उपाय म्हणजे एका मर्यादेऐवजी दोन: दिसण्यासाठी जवळची आणि सुटण्यासाठी लांबची. पाठलाग चालू नसेल तर 1500 च्या आत आल्याशिवाय तो सुरू होत नाही, आणि एकदा सुरू झाला की 1900 ओलांडल्याशिवाय थांबत नाही.

```cpp
const bool bWas = BB->GetValueAsBool("bIsChasing");
const float Limit = bWas ? 1900.f : 1500.f;
BB->SetValueAsBool("bIsChasing", Dist <= Limit);
```

येथे ‘आधी पाठलाग चालू होता का’ ही आठवण ब्लॅकबोर्डवर ठेवली आहे, ती उगाच नव्हे. आरंभी मी ती सर्व्हिसच्या क्लासमध्येच एका साध्या चलात ठेवली होती. सी++ मध्ये लिहिलेल्या, सर्व्हिससारख्या नोडची प्रत्येक शत्रूसाठी वेगळी प्रत मुळात बनत नाही; एक झाड वापरणारे सर्व शत्रू तोच नोड वाटून घेतात. परिणाम असा की एका पहारेकऱ्याने खेळाडूला पाहिले की पलीकडच्या दालनातील पहारेकऱ्याची मर्यादाही 1900 होत असे. `bCreateNodeInstance` चालू करून वेगळी प्रत मागता येते, परंतु ब्लॅकबोर्डवर लिहिलेली आठवण डिबगरमध्ये दिसते, म्हणून मी तीच पद्धत ठेवली.

दोन मर्यादांनी तो सज्जा सुधारला, कारण 1440 मध्ये 400 मिळवले तरी 1840 होतात आणि ते 1900 च्या आत आहेत. महिन्याभराने दुसऱ्या सज्जावर तेच भूत पुन्हा उभे राहिले, फक्त संथ चालीने. तेथे जिना 700 युनिट मागे होता, म्हणजे सर्वाधिक अंतर 2140. लांबची मर्यादा 2200 करणे सोपे होते, पण नवा सज्जा, नवा जिना आला की आकडा वाढवत राहायचे, याला अंत नव्हता. दोन मर्यादांमधील पट्टा खेळाडूच्या बारीकसारीक हालचाली गिळण्यासाठी चांगला. शत्रूच्या वळशाची लांबी त्यात बसवू पाहणे चूक आहे.

म्हणून अंतराच्या जोडीला वेळ घेतली. लांबची मर्यादा ओलांडताच पाठलाग न तोडता चार सेकंदांचे घड्याळ सुरू करायचे, त्या काळात खेळाडू मर्यादेत परतला तर घड्याळ पुसायचे, न परतला तरच पाठलाग सोडायचा. दुसऱ्या सज्जावर हिशेब असा बसतो: 1900 पासून 2140 पर्यंत 240 युनिट जाणे आणि जिना उतरून तेवढेच परत येणे, मिळून सुमारे 480 युनिट. पाठलागाचा वेग सेकंदाला 500 युनिट असल्यामुळे पहारेकरी साधारण एका सेकंदात पुन्हा मर्यादेत येतो. जिन्याची वळणे धरली तरी चार सेकंद भरपूर होतात. घड्याळ संपल्यावरही तो थेट गस्तीवर जात नाही. पाठलाग आणि गस्त यांच्यामध्ये मी शोधाची तिसरी फांदी घातली, ज्यात तो खेळाडू शेवटचा दिसला त्या जागी जाऊन इकडेतिकडे पाहतो.

चौथ्या महिन्यात अंतर मोजणारी सर्व्हिस काढून मी शत्रूला काय दिसते हे ठरवणाऱ्या, इंजिनाच्या एआय पर्सेप्शनकडे वळलो. तेथे दोन मर्यादांची कल्पना तयारच आहे: `Sight Radius` आणि `Lose Sight Radius`, मूळ आकडे 3000 आणि 3500. हे आधी वाचले असते तर महिना वाचला असता, पण मग का ते कळले नसते. मात्र ही दुहेरी मर्यादा केवळ अंतराला लागू आहे. नजरेच्या कोनाला, म्हणजे `Peripheral Vision Half Angle Degrees` ला, एकच आकडा आहे, आणि खांबाआड जाण्याला तर आकडाच नाही. त्यामुळे पाठलागाची वाट आडवी गेली आणि पहारेकरी चालण्याच्या दिशेला तोंड करून धावू लागला की खेळाडू कोनाबाहेर पडतो आणि तळ्यात-मळ्यात नव्याने सुरू होते. मी पाठलाग चालू असेपर्यंत `SetFocus` ने त्याची नजर खेळाडूवर खिळवली, आणि खेळाडू दिसेनासा झाल्याची वर्दी येताच ब्लॅकबोर्डवरील लक्ष्य पुसण्याची घाई सोडून तेथेही तेच चार सेकंदांचे घड्याळ लावले. खांबांच्या ओळीमागून धावणाऱ्या खेळाडूवर याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला.

या उपायाची किंमत आहेच. खेळून पाहणाऱ्या दोन मित्रांनी पहारेकरी फार चिकट झाल्याची तक्रार केली. त्यांचे म्हणणे रास्त होते: ज्या अंतरावर आधी पकडले जात नव्हते, त्याच अंतरावर पळून गेल्यावरही सुटका होत नाही, आणि याचे कारण खेळाडूला कोठेच दिसत नाही. घड्याळ वळसा सांभाळत असल्यामुळे पट्टा रुंद ठेवण्याची गरज उरली नव्हती, म्हणून लांबची मर्यादा 1900 वरून 1750 केली. घड्याळ चालू असताना पहारेकऱ्याच्या धापा टाकण्याचा आवाज जोडला, म्हणजे तो अजून मागावर आहे पण नेम चुकला आहे हे ऐकू येते. ‘कोण आहे?’ ही हाक मात्र पाठलागाच्या फांदीतून कायमची काढली. ती आता गस्त किंवा शोध सुटून पाठलाग खरोखर सुरू झाल्याची खूण लागते तेव्हाच, आणि एकदाच, दिली जाते.

एक प्रकार अजून सुटलेला नाही. दोन पहारेकरी एकाच अरुंद दारातून एकाच वेळी धावले की मागचा अडतो, त्याचे चार सेकंद दारातच संपतात आणि तो शोधाकडे वळतो; पुढचा दूर जाऊन दार मोकळे झाले की त्याला खेळाडू पुन्हा दिसतो. घड्याळ अडलेल्या काळात थांबवून पाहिले, तेव्हा तो दाराशी कायमचा धापा टाकत उभा राहिला. सध्या ते दार रुंद करून ठेवले आहे.