डबा कुठवर आला: लाइव्ह ट्रॅकिंगचा आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या मावशीची कोथरूडला डबा सेवा आहे. दुपारी अकरा मुलं दुचाकीवरून डबे पोचवतात. 'डबा कुठवर आला?' हे फोन थांबावेत म्हणून मी ट्रॅकिंगचं पान बनवलं. नकाशासाठी मॅपलिब्रे, मुलांच्या फोनवर छोटं अँड्रॉइड अॅप आणि मधे फोनकडून आलेलं लोकेशन पानापर्यंत पोचवणारा एमक्यूटीटीचा ब्रोकर. आठ महिने रोज वापरल्यावर आता त्याबद्दल लिहितोय.

सुरुवातीला मी दर सेकंदाला लोकेशन पाठवत होतो. मार्कर सुरेख चालायचा, पण अकराला भरलेला फोन दोन वाजेपर्यंत मान टाकायचा. आता ५ सेकंदांनी एकदा लोकेशन घेतो, तेही मुलगा किमान १० मीटर पुढे सरकला असेल तरच. सिग्नलला गाडी उभी असली की काहीच जात नाही. ताशी ३० किलोमीटरने ५ सेकंदांत गाडी जवळपास ४२ मीटर जाते. हे अंतर एका झटक्यात दाखवलं तर मार्कर बेडकासारखा उड्या मारतो, म्हणून मधला प्रवास ग्राहकाच्या ब्राउझरने `requestAnimationFrame` वापरून रेखाटायचा.

इथे मी मोठी चूक केली. शेवटचा वेग आणि दिशा धरून मार्कर अंदाजाने पुढे पळवला. कर्वे रोडवर सरळ जाताना झकास दिसायचं. पण नळ स्टॉपला मुलगा डावीकडे लॉ कॉलेज रोडला वळला, की मार्कर डेक्कनच्या दिशेने पुढे जायचा आणि पुढचं लोकेशन आलं की इमारतींवरून तिरका मागे यायचा. लोक फोन करून विचारायचे, 'आमचा डबा दुसरीकडे का चाललाय?'

मग अंदाज बंद केला आणि मार्कर मुद्दाम ६ सेकंद मागे ठेवला. म्हणजे तो कायम हाती आलेल्या दोन बिंदूंच्या मधेच फिरतो. प्रत्यक्ष गाडी पन्नासेक मीटर पुढे असते, पण आठ महिन्यांत कुणीही त्याची तक्रार केलेली नाही. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत चांगला निर्णय हाच.

दिशा फिरवताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. ३५० अंशांवरून १० अंशांवर जाताना साधी वजाबाकी केली, तर गाडीचं चित्र उलटं जवळजवळ पूर्ण गिरकी घेतं. जुनी दिशा `a`, नवी `b` आणि मधला किती प्रवास झाला ते सांगणारा ० ते १ मधला आकडा `t` धरून जवळचा कोन असा काढतो:

```js
const d = ((b - a + 540) % 360) - 180;
marker.setRotation(a + d * t);
```

गाडी उभी असताना जीपीएसने दिलेली दिशा भरवशाची नसते, म्हणून वेग सेकंदाला २ मीटरपेक्षा कमी असेल तर जुनीच दिशा ठेवतो. नळ स्टॉपच्या दुमजली पुलाखाली लोकेशनही भरकटतं. `accuracy` ३० मीटरपेक्षा जास्त आली की तो बिंदू मी टाकून देतो.

सर्वांत जास्त छळलं ते घड्याळाने. एका काकूंच्या फोनवर मार्कर उड्याच मारायचा, बाकी सगळ्यांकडे ठीक. शेवटी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं, तर फोनचं घड्याळ ४० सेकंद पुढे होतं. माझं गणित बिंदूची वेळ थेट त्या घड्याळाशी ताडून पाहत होतं, त्यामुळे प्रत्येक नवा बिंदू आधीच 'जुना' ठरायचा आणि मार्कर लगेच त्यावर जाऊन बसायचा. आता पान उघडल्यावर पहिला ताजा बिंदू आला की मुलाच्या आणि ग्राहकाच्या घड्याळातला फरक काढून ठेवतो आणि तोच पुढे वापरतो.

काही मर्यादा अजून आहेत. फोरग्राउंड सर्व्हिस चालू असूनही काही फोन बॅटरी वाचवायला अॅप बंद पाडतात, तिथे सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक मुलाला हाताने सूट द्यावी लागली. ३० सेकंद काही आलं नाही, तर मार्कर करडा होतो आणि शेवटची वेळ दिसते. पान मागे टाकून परत उघडलं, तर `requestAnimationFrame` तेवढा वेळ थांबलेलं असतं. अशा वेळी साचलेला रस्ता पळवत बसत नाही, थेट ताज्या जागी नेतो.

ब्रोकर स्वतःकडे जपून ठेवतो तो शेवटचा, म्हणजे रिटेन केलेला मेसेज मला फार आवडतो, कारण पान उघडताक्षणी शेवटचं ठिकाण मिळतं. पण तोच मेसेज रात्रभरही राहतो. एका सकाळी एक मुलगा म्हणाला, 'दादा, पान उघडलं तर माझं घर दिसतंय.' मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी बदल केला: शेवटचा डबा पोचला की अॅप लोकेशन घेणं थांबवतं आणि त्याच टॉपिकवर रिकामा रिटेन मेसेज पाठवतं, म्हणजे आधीचा पुसला जातो.