आठ महिने `Select and Mask` वापरून: भुरभुरे केस कापताना काय जमलं, काय नाही

परभणीत आमचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराईत अल्बम, एरवी फ्लेक्स. आठ महिन्यांपासून केस कापायला फोटोशॉपमधलं `Select and Mask` वापरतोय. आधी पेन टूलनं कापायचो, त्यात डोकं टोपी घातल्यासारखं दिसायचं.

साधी कामं पाच मिनिटांत होतात. `Refine Edge Brush` केसांच्या कडेवरून फिरवला की बारीक बटा बऱ्यापैकी उचलल्या जातात. ब्रश डोक्याच्या आतवर नेऊ नका, तेलाच्या चमकेच्या जागी भोकं पडतात.

खरी परीक्षा एका नवरीच्या फोटोनं घेतली. फिक्या निळ्या भिंतीसमोरचा फोटो, आणि मागं वेरूळचं काळंभोर कैलास लेणं हवं होतं. पहिला प्रिंट पाहून नवरीचे मामा म्हणाले, "भाऊ, पोरीच्या केसाला चुना लागल्यावानी दिसायलंय की!"

मास्क चुकला नव्हता. सुटा केस बहुतेक वेळा एका पिक्सेलपेक्षाही बारीक असतो, म्हणजे त्या पिक्सेलमध्ये केस आणि भिंत मिसळलेले असतात. मास्क त्याला अर्धवट पारदर्शक करतो, पण भिंतीचा रंग काढत नाही. मागं फिकं असेल तर तो खपून जातो, काळ्या दगडावर मात्र पांढरी कड उठते. `Decontaminate Colors` लावून पाहिलं. जास्त ठेवलं की बटा फासल्यासारख्या होतात. शिवाय ते पिक्सेलचे रंगच बदलतं, म्हणून निकाल वेगळ्या लेयरवर येतो.

शेवटी जुन्या पद्धतीनं केलं. चॅनेल्समध्ये निळा चॅनेल सर्वांत स्पष्ट होता: भिंत उजळ, केस काळे. त्याची कॉपी केली, `Ctrl+L` नं लेव्हल्स ओढल्या, पण भिंत पूर्ण पांढरी होईपर्यंत नाही; तेवढं ओढलं की बारीक केस आधी जातात. उरलेला करडा डॉज टूलनं, `Highlights` वर ठेवून, उजळवला. मग `Ctrl+I` करून त्यातून मास्क केला. चेहरा, साडी आणि केसांच्या आतली भोकं पांढऱ्या ब्रशनं भरली.

गजरा तेवढा गायब! पांढरी फुलं चॅनेलला भिंतच वाटली. ती हातानंच रंगवून परत आणली, वीसेक मिनिटं गेली.

पांढऱ्या कडेसाठी वर एक लेयर घेऊन `Alt+Ctrl+G` नं खाली क्लिप केला आणि आतल्या केसांचा रंग उचलून मऊ ब्रशनं कडेवर हलकेच फिरवला. बटा तशाच राहिल्या, चुना गेला.

आता प्रिंटला देण्याआधी खाली एकदा काळा, एकदा करडा, एकदा पांढरा लेयर टाकून पाहतो. आणि गजरा माळलेली नवरी असली तर मागं करडा पडदा लावून तिला त्याच्यापासून सहा फूट पुढं उभी करतो.