‘विनातक्रार’चं ‘तक्रार नसल्यास’ झालं आणि माझे ६,२४,००० गेले

वागळे इस्टेटमध्ये माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. बावीस वर्षं लोखंडाची कामं करतोय, म्हणजे अगदीच कालचा पोरगा नाही. तरीही फसलो. लिहायची लाज वाटते, पण या धंद्यातल्या आणखी दोघांचे फोन आले, म्हणून लिहितोय.

तळोज्याला एका शेडचं स्ट्रक्चर आणि पत्र्याचं काम होतं, ऑर्डर ६२,४०,००० ची. मुख्य कंत्राटदार कंपनीने दहा टक्के परफॉर्मन्स गॅरंटी मागितली, म्हणजे माझ्या कामात कसूर झाली तर माझ्या बँकेने कंपनीला तेवढे पैसे द्यायची हमी. बँक गॅरंटी नवी नव्हती मला, पण आधीच्या सगळ्या सरकारी खात्यांच्या होत्या, छापील नमुन्यातल्या. या वेळी मसुदा कंपनीने दिला, इंग्रजीत, नऊ कलमांचा. त्यासोबत त्यांच्याच ओळखीचा एक ‘लायझन’वाला आला. म्हणाला, ‘साहेब, इंग्रजीत डोकं घालू नका, मी मराठीत करून देतो.’ भाषांतर आणि बँकेतल्या धावपळीचे मिळून ७,५०० घेतले. पावती नाही. वर गोल शिक्का मारलेला कागद दिला.

तो कागद मी वाचला होता, तीनदा वाचला होता. कुणी म्हणेल आंधळेपणाने सही केली, तर ते खरं नाही. मराठीत लिहिलं होतं: ‘कंत्राटदाराची तक्रार नसल्यास बँक मागणीनुसार रक्कम अदा करील.’ पुढे: ‘मागणी अंतिम ठरल्यानंतर रक्कम देय होईल.’ हे वाचून कोणाला काय वाटेल? मला वाटलं, आपण हरकत घेतली तर बँक थांबेल आणि कुणीतरी निवाडा करून मागणी अंतिम ठरवेल.

इंग्रजीत होतं ‘विदाउट डेमर’. म्हणजे बँकेने कुरकुर न करता, विनातक्रार पैसे द्यायचे. तक्रार कोणी करायची नाही, तर बँकेने! माझ्या तक्रारीचा तिथे संबंधच नव्हता. दुसरं वाक्य होतं की मागणी हाच रकमेबाबतचा ‘कन्क्लुजिव’ पुरावा, म्हणजे कंपनीने ‘एवढी रक्कम देय आहे’ असं लिहिलं की विषय तिथेच संपला. आणि ‘मियरली ऑन अ डिमांड’, नुसती मागणी पुरे. कंत्राटदाराने कोर्टात वा लवादात वाद काढला तरी पैसे द्यायचेच, असं सांगणारं एक अख्खं कलम होतं. मराठीत ते नव्हतंच. इंग्रजी नऊ कलमं, मराठी आठ. मी तीनदा वाचलं, पण मोजलं नाही!

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. १२ जानेवारी २०२३, बँकेत सह्या करायला बसलो होतो. काउंटर गॅरंटीची, म्हणजे बँकेने दिलेले पैसे मी भरून देईन या हमीची, पानं पुढे सरकवताना समोरच्या अधिकारी मॅडम म्हणाल्या, ‘फर्स्ट डिमांड आहे, बघितलंत ना?’ मी म्हणालो, ‘हो हो, मराठीत वाचलंय.’ त्यांनी पेन थांबवून विचारलं, ‘मराठीत?’ आणि मग मागे रांग होती म्हणून पुढचं पान उलटलं. तो एक शब्द आजही कानात आहे. तिथेच म्हणायला हवं होतं, मॅडम, कोणतं वाक्य ते वाचून दाखवा. अभिमान आड आला. घरी हिने तर आदल्या रात्रीच विचारलं होतं, ‘अहो, इंग्रजीवाला कागद कुणाला दाखवलात का?’ तिच्या दोन एफडी मोडूनच मार्जिनची, म्हणजे बँकेकडे तारण ठेवायची, ६,२४,००० ची एफडी केली होती. मी उत्तर दिलं नाही.

काम डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण झालं. कंपनीने कम्प्लिशन सर्टिफिकेट दिलं नाही, शेवटच्या बिलातले ४,१०,००० अडकवले. गॅरंटीची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपत होती, मी म्हटलं सुटलो. सुटलो कुठला! शेवटच्या कलमात दोन तारखा असतात. एक वैधतेची आणि दुसरी क्लेमची, जिच्यापर्यंत लेखी मागणी करता येते. माझी दुसरी तारीख ३१ मार्च २०२५ होती. मूळ गॅरंटी परत आल्याशिवाय किंवा ती तारीख उलटल्याशिवाय बँक एफडी सोडत नाही. काम संपल्यासंपल्या मूळ कागद मागून घ्यायला हवा होता. तुम्ही तरी मागा, रोज मागा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीचं पत्र आलं: मुदत वाढवा, नाहीतर पैसे वळते करू. मी म्हणालो, आधी माझे ४,१०,००० द्या. ११ मार्चला बँकेत मागणीपत्र पोहोचलं. मी ते पाहिलं, चार ओळी. ‘कामात कसूर झाली आहे, रक्कम देय आहे.’ कसली कसूर, कुठला बोल्ट सैल, काही नाही. दोन दिवसांत एफडी वळती झाली.

बँकेत मी मराठी कागद टेबलावर आपटला. ‘हे आमचं नाही, आमचा करार इंग्रजी कागदाचा,’ एवढंच उत्तर. खरंही आहे ते, पण इतकी वर्षं खातं ठेवलेल्या माणसाला एवढंच? पोलिसांकडे गेलो तर पहिल्या साहेबांनी ‘सिव्हिल मॅटर’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी विचारलं, भाषांतराची पावती कुठे आहे? तिसऱ्या खेपेला मला कोपऱ्यातल्या बाकावर दीड तास बसवून ‘उद्या या’. पाच ‘उद्या’ झाले. शिक्का ज्याच्या नावाचा होता ते ऑफिस म्हणे फोटोकॉपीचं दुकान होतं, आणि तेही बंद. भर पावसात ठाण्याहून बेलापूरपर्यंत फेऱ्या मारून चपला झिजल्या, तक्रार अर्जाला साधा इनवर्ड नंबर मिळवायला नऊ दिवस लागले. चूक माझी होती हे मान्य, पण चोरी कोणी केली?

वकिलांनी सगळ्यात स्पष्ट सांगितलं. गॅरंटी हा मूळ कंत्राटापासून स्वतंत्र करार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या यू. पी. कोऑपरेटिव्ह फेडरेशन प्रकरणातच म्हटलंय. कोर्ट पैसे थांबवतं ते उघड, गंभीर फसवणूक किंवा कधीही भरून न येणारं नुकसान दाखवलं तरच, आणि तेही पैसे जायच्या आत. मी गेलो नंतर. उलट १९९९ च्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन प्रकरणात गॅरंटीची भाषाच सशर्त होती, शिवाय मागणी भलत्याच अधिकाऱ्याने केली होती, म्हणून ती अडवली गेली. म्हणजे सगळा खेळ वाक्यांचा. सही करायच्या आधी मसुद्यात ‘कोणती कसूर ते लेखी नमूद करून’ आणि ‘कंत्राटदाराला पंधरा दिवसांची नोटीस देऊन’ एवढं घालायला सांगा. कंपनी नाही म्हणेल, बहुतेक म्हणेलच. पण निदान काय सही करताय ते कळेल. मागणी कोणत्या हुद्द्याच्या माणसाने करायची तेही त्यात लिहून घ्या.

हिशोब: ६,२४,०००, बँकेचं कमिशन आणि जीएसटी मिळून ३३,१३४, त्या लायझनवाल्याचे ७,५००. एकूण ६,६४,६३४. वर ४,१०,००० अजून अडकलेलेच.

मागच्या आठवड्यात रबाळ्याच्या एका फॅब्रिकेटरने स्वतःचा मराठी कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. तोच शिक्का, तीच आठ कलमं, ‘तक्रार नसल्यास’ तसंच, फक्त नाव आणि रक्कम वेगळी, आणि कंपनीही माझीच. त्याची क्लेमची तारीख अजून यायची आहे. उद्या सकाळी आम्ही दोघं इंग्रजी कागद घेऊन वकिलांकडे जातोय. कलमं या वेळी मी मोजली आहेत.