भोवऱ्यावरचे केस: दोन नंबर, एक इंच की अडीच इंच?

सलूनमधून निघताना सगळं चापून बसलेलं असतं. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाली की टाळूच्या मागे शेंडी ताठ. दोष बहुतेक वेळा कापणाऱ्याच्या हाताचा नसतो, तिथे ठेवलेल्या लांबीचा असतो.

केस कातडीतून सरळ वर येत नाहीत, तिरके येतात. डोक्यावर बाकी सगळीकडे शेजारचे केस साधारण एकाच बाजूला कललेले असतात, त्यामुळे कौलांसारखे एकमेकांवर बसतात. भोवऱ्यात मात्र ते गोल फिरत बाहेर पडतात आणि मध्यापाशी प्रत्येकाची दिशा वेगळी. वरून दाबायला शेजारी कोणी नाही, म्हणून तिथला केस उभा तरी राहतो, नाहीतर फाकून टाळू दाखवतो. (दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणतात. लग्नांचं माहीत नाही, पण शेंड्या दोन होतात हे खरं.)

लांबीचा खेळ माडाच्या हिरावर कळतो. हिराचा बोटभर तुकडा आडवा धरला तर ताठ राहतो, तोच हीर हातभर लांब धरला की टोक खाली झुकतं. लांबी दुप्पट झाली की स्वतःच्या वजनाने टोक सुमारे सोळापट खाली येतं. केसाचंही तेच.

दोन नंबर, म्हणजे ६ मिमी. इथे भोवरा लपत नाही, पण शेंडीही दिसत नाही, कारण सगळेच केस सारखे उभे असतात. कापताना मशीन एकाच दिशेने ओढलं तर भोवऱ्याच्या एका बाजूला लांब केसांचा पट्टा राहतो. म्हणून तिथे मशीन चारही बाजूंनी फिरवायला सांगा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे दोन आठवड्यांत ६ चे १२ मिमी होतात आणि टोकं वेगवेगळ्या दिशांना दिसू लागतात. दर पंधरवड्याला खुर्चीत बसायची तयारी असेल तरच हा पर्याय घ्या.

एक इंच, म्हणजे अडीच सेंटीमीटर. सगळ्यात जास्त मागितली जाणारी आणि भोवऱ्यासाठी सगळ्यात वाईट लांबी. केस डोळ्यात भरण्याइतका लांब असतो, पण वाकण्याइतका जड नसतो. उभी राहते म्हणून शेंडी आणखी कापली की ती जास्तच ताठ होते. थिनिंग कात्रीनेही हेच घडतं: मधले केस आखूड होतात आणि खालून लांब केसांना टेकू देतात. ड्रायरने मुळापासून दोन्ही बाजूंना आलटून पालटून वाळवून, थंड होईपर्यंत हाताने दाबून धरलं तर केस बसतात. पण कोरड्या हवेत टिकणारी ही बसवणूक आपल्याकडे श्रावणात टिकत नाही. हवेतला ओलावा केसात शिरतो आणि केस मुळाच्या मूळ वळणावर परत जातो. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीच्या डेकवर उभं राहून गेलात तर पलीकडे उतरेपर्यंत शेंडी पुन्हा उभी असेल. खोबरेल तेलाचे दोन थेंब केस एकमेकांना चिकटवतात आणि थोडं वजन देतात, दिशा बदलत नाहीत. जास्त तेल लावलं तर केसांचे पुंजके होऊन मधली टाळू उघडी पडते.

दोन ते अडीच इंच, म्हणजे ५ ते ६ सेंटीमीटर. इथे केस स्वतःच्या वजनाने झुकतो आणि भोवऱ्याचा मध्य झाकतो. केस जाड आणि अगदी सरळ असतील तर ७ सेंटीमीटरपर्यंत जावं लागतं. भांग भोवऱ्याच्या फिरण्याच्या दिशेने पाडा, उलट पाडला तर एवढी लांबीही फुगते.

समजा आज टाळूवर अडीच सेंटीमीटर आहेत आणि चतुर्थीला सहा आठवडे उरलेत. तोवर पावणेदोन-दोन सेंटीमीटर वाढ होईल, म्हणजे साडेचारच्या आसपास पोचाल. पाच भरणार नाहीत, पण ताठपणा बराच उतरलेला असेल. तिसऱ्या आठवड्यात फक्त कानाजवळचे आणि मानेवरचे केस कापून घ्या, आणि बसताच सांगा: “भोवऱ्याला कात्री लावू नका.” एवढं थांबायचं नसेल तर चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी दोन नंबर मारा. मधल्या एका इंचावर टिकून राहण्यात काही हाशील नाही.

लांबी मोजताना केस ओला करून मुळाशी पट्टी टेकवा आणि सरळ ताणून पाहा. भोवरा कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरतो ते पाहायचं तर डोकं धुऊन कंगवा न लावता वाळू द्या आणि वरून फोटो काढायला सांगा. तोच फोटो खुर्चीत बसल्यावर दाखवा, कारण ओल्या, विंचरलेल्या डोक्यावर भोवरा कापणाऱ्यालाही नीट दिसत नाही.