सॉलिडवर्क्समधलं Mass Properties: काही महिने रोज वापरल्यानंतर

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी मशीन डिझाइनचं काम करतो. आमचं बरंचसं काम संत्र्याच्या ग्रेडिंग आणि पॅकिंग लाइनचं असतं. त्यात कन्व्हेयर, रोलर आणि क्रेट एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर वळवणारे आर्म येतात. या आर्मसाठी मोटर निवडायची म्हणजे वजन, गुरुत्वमध्य आणि मोमेंट ऑफ इनर्शिया हे तीन आकडे लागतात. पूर्वी ते हाताने काढायचो, हल्ली सॉलिडवर्क्सच्या Mass Properties खिडकीतून घेतो. या एका खिडकीबद्दलच लिहितोय, कारण ती उघडणारे खूप आहेत, पण तिच्यातल्या ओळी शेवटपर्यंत वाचणारे कमी.

आधी मटेरिअल. पार्टच्या झाडात Material <not specified> असं दिसत असतं. त्यावर राइट क्लिक करून Edit Material घेतलं की लायब्ररी उघडते. मटेरिअल दिलं नाही तरी खिडकी कुठलीही कुरकुर न करता वजन दाखवते. तेव्हा ती घनता 1000 किलो प्रति घनमीटर धरते, म्हणजे पाण्याची. लोखंडाचा पार्ट जवळपास आठपट हलका दिसतो. म्हणून माझी नजर आधी Density च्या ओळीवर जाते, Mass वर नंतर.

मटेरिअल दिल्यावरही कुठलं दिलं हे महत्त्वाचं असतं. लायब्ररीत Plain Carbon Steel ची घनता 7800 आहे आणि AISI 1020 ची 7900. आपल्याकडे एमएस प्लेटचं वजन 7850 धरून काढतात आणि दुकानदाराचं बिलही त्यावरच बनतं. तयार लायब्ररीतले आकडे बदलता येत नाहीत. म्हणून एक मटेरिअल कॉपी करून Custom Materials मध्ये टाकलं, घनता 7850 केली आणि ऑफिसात सगळ्यांना तेच वापरायला सांगितलं.

आता उदाहरण घेतो. आर्म म्हणजे 400 लांब, 100 रुंद आणि 10 मिमी जाड एमएस पट्टी. ती एका टोकापासून 50 मिमी आत असलेल्या पिनवर आडव्या प्रतलात फिरते. Front Plane वर आयत काढला, 10 मिमी एक्स्ट्रूड केला, म्हणजे जाडी Z दिशेला आली. आकारमान 4,00,000 घन मिमी आणि वजन 3140 ग्रॅम. हे तोंडी करूनही जुळतं.

खरी गंमत इनर्शियात आहे. खिडकीत इनर्शियाचे तीन गट दिसतात. पहिल्यात Px, Py, Pz. दुसऱ्यात Lxx, Lyy, Lzz, जे गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या पण निवडलेल्या अक्षांना समांतर असलेल्या रेषांभोवतीचे आहेत. तिसऱ्यात Ixx, Iyy, Izz, जे निवडलेल्या कोऑर्डिनेट सिस्टिमच्या मूळबिंदूभोवतीचे आहेत. मोटरला जो भार जाणवतो तो पिनभोवतीचा. पण आयत बहुतेक जण मध्यबिंदू ओरिजिनवर ठेवूनच काढतात. मग ओरिजिन आणि गुरुत्वमध्य एकाच रेषेवर येतात, Lzz आणि Izz सारखेच दिसतात, आणि तोच आकडा पुढे मोटरवाल्याकडे जातो.

आमच्या पट्टीचं Lzz येतं 4,44,83,333 ग्रॅम·मिमी², म्हणजे सुमारे 0.0445 किग्रॅ·मी². पिन गुरुत्वमध्यापासून 150 मिमी लांब आहे, म्हणून समांतर अक्षाच्या नियमाने त्यात वस्तुमान गुणिले 150 चा वर्ग मिळवायचा. बेरीज 0.1151. म्हणजे पिनभोवतीचा इनर्शिया अडीच पटीहून जास्त आहे. हा आर्म अर्ध्या सेकंदात 90 अंश वळवायचा असेल, अर्धा वेळ वेग वाढवत आणि अर्धा कमी करत, तर कोनीय प्रवेग सुमारे 25 रेडियन प्रति सेकंद वर्ग येतो. पहिला आकडा धरला तर टॉर्क 1.1 न्यूटन-मीटर, दुसरा धरला तर 2.9. पहिल्यावर निवडलेली मोटर रिकाम्या टेबलावर फिरेलही, पण लाइनवर दमेल.

ही बेरीज हाताने करायची गरज नाही. Reference Geometry मधून Coordinate System घ्या, तिचा मूळबिंदू पिनच्या भोकाच्या मध्यावर आणि Z अक्ष पिनच्या रेषेत ठेवा. मग Mass Properties मध्ये Report coordinate values relative to च्या यादीतून ती निवडा. आता Izz थेट जवळपास 11,51,33,000 दाखवतं. मी प्रत्येक फिरणाऱ्या पार्टमध्ये ही सिस्टिम टाकून तिला PIVOT हेच नाव देतो, म्हणजे सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी फाइल उघडली तरी त्याला विचारत बसावं लागत नाही.

Px, Py, Pz बद्दल एवढंच की ते चढत्या क्रमाने लावलेले असतात आणि त्यांचे अक्ष पार्टचे स्वतःचे असतात. त्यांचा मॉडेलच्या X, Y, Z शी संबंध असेलच असं नाही. सरळ पट्टीत Pz योगायोगाने Lzz शी जुळतो. तिरकी किंवा वाकडी ब्रॅकेट आली की तो भलत्याच दिशेचा असतो.

युनिटची एक अडचण सगळ्यांना एकदा तरी छळते. मोटरच्या कॅटलॉगात इनर्शिया किग्रॅ·मी² मध्ये असतो, म्हणून लोक Options मध्ये जाऊन किलो आणि मीटर करतात. दशांश स्थळं दोनच असतील तर छोट्या पार्टचा इनर्शिया 0.00 दिसतो. पार्ट बिघडलेला नसतो, फक्त दशांश स्थळं अपुरी असतात. मी ग्रॅम आणि मिमीच ठेवतो आणि शेवटी 10⁹ ने भागतो. एक किग्रॅ·मी² म्हणजे 10⁹ ग्रॅम·मिमी², एवढं लक्षात असलं की झालं.

हे आकडे खरे की नाही हे शॉपफ्लोअरवर तपासता येतं आणि ते मला फार आवडतं. आमच्या फॅब्रिकेटर काकांनी पट्टी काट्यावर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या कम्प्युटरात वजन कमीच दाखवते न!" काटा 3.2 किलोच्या वर होता. व्हर्निअर लावला तर प्लेट 10 ची नाही, 10.3 मिमीची निघाली. नेमका तीन टक्के फरक. रोलिंग मिलमधून प्लेट अशीच थोडी जाड-पातळ येते. मॉडेल कागदावरच्या मापाचं वजन सांगतं, हातातल्या प्लेटचं नाही. नेमकं वजन लागणारच असेल तर मोजलेली जाडी मॉडेलमध्ये टाकायची.

गुरुत्वमध्यासाठी पट्टी गोल बारवर आडवी ठेवून तोल साधतो आणि खडूने खूण करतो. इनर्शियासाठी ती पिनवर लटकवून झुलवतो. लंबकाचा आवर्तकाल 2π√(I/mgd) असतो. इथे I म्हणजे 0.1151 आणि mgd म्हणजे 3.14 × 9.81 × 0.15, म्हणजे 4.62. उत्तर 0.99 सेकंद. जाऊन-येऊन एक असे वीस झोके मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजले की सुमारे 20 सेकंद यायला हवेत. झोका लहान ठेवायचा आणि पिन भोकात नीट बसणारी हवी, नाहीतर पट्टी भोकाच्या कडेवर डोलते आणि अक्षच सरकतो. Lzz चा आकडा चुकून वापरला तर उत्तर 0.62 सेकंद येतं. हा फरक घड्याळ नसलं तरी डोळ्यांना दिसतो.

यात एक सुंदर गोष्ट आहे. पिनसाठी 12 मिमीचं भोक पाडलं की वजन जवळजवळ 9 ग्रॅमने घटतं आणि गुरुत्वमध्य किंचित सरकतो, पण आवर्तकाल व्यवहारात बदलत नाही. काढलेलं लोखंड अक्षावरच होतं, त्यामुळे त्याचा I मधला वाटा नगण्य होता आणि mgd मध्ये तर काहीच नव्हता. प्लेट 10.3 मिमीची असली तरी आवर्तकाल तोच राहतो, कारण वस्तुमान वर-खाली दोन्हीकडे येऊन कटतं. म्हणून झोक्याने अक्ष आणि आकार तपासायचे आणि काट्याने वजन. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आर्म हलका करताना. पट्टी अ‍ॅल्युमिनिअमची करायची ठरली, घनता 2700. वजन 1.08 किलो आणि पिनभोवतीचा इनर्शिया 0.0396 झाला. पण क्रेटला ढकलणारं टोक झिजतं, म्हणून तिथे पट्टीच्या वर 100 × 40 × 20 मिमीचा लोखंडी ठोकळा हवा होता, वजन 0.628 किलो. त्याचा मध्य पिनपासून 330 मिमी लांब आहे. त्याचा एकट्याचा इनर्शिया 0.0690, म्हणजे पूर्ण पट्टीपेक्षा जास्त. एकूण झाला 0.1086. नुसत्या लोखंडी पट्टीचा 0.1151 होता. वजन 3.14 वरून 1.71 वर आलं, पण मोटरला मिळाला जेमतेम सहा टक्के आराम. मालकांना वजनाचा आकडा पाहून लहान मोटर घ्यायची होती. हे आकडे समोर ठेवले तेव्हा ठोकळ्याची जाडी कमी करण्यावर बोलणं आलं, आणि तेच योग्य होतं.

अशा दोन धातूंच्या पार्टमध्ये एक काळजी घ्यावी लागते. ठोकळा एक्स्ट्रूड करताना Merge result वरची टिक काढली तरच तो वेगळी बॉडी राहतो आणि त्याला वेगळं मटेरिअल देता येतं. टिक राहिली की सगळं अ‍ॅल्युमिनिअम होतं आणि इनर्शिया 0.0633 दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: वजनाला आकारमानाने भागा. 4,80,000 घन मिमीला 1708 ग्रॅम म्हणजे सरासरी 3.56 ग्रॅम प्रति घन सेंमी यायला हवेत. 2.70 आले तर लोखंड हिशेबात आलेलंच नाही.

बाकी किरकोळ. कॉस्मेटिक थ्रेड मॉडेलमधलं मटेरिअल काढत नाही, पण त्याने आमच्या कामात फरक पडत नाही. असेंब्लीत लपवलेले पार्ट धरायचे की नाही याची टिक खिडकीतच असते, ती मी प्रत्येक वेळी बघतो. Override Mass Properties ने वजन हाताने लिहिता येतं आणि विकतच्या गिअरबॉक्ससाठी ते बरंच आहे. पण तिथे वजनासोबत गुरुत्वमध्यही कॅटलॉगमधून भरावा लागतो. नाहीतर खरं वजन चुकीच्या जागी बसतं आणि अख्ख्या असेंब्लीचा गुरुत्वमध्य त्याच्याबरोबर सरकतो. नव्या व्हर्जनमध्ये Lxy सारख्या गुणाकारी पदांच्या वर tensor notation ची एक ओळ येते. आकडे दुसऱ्या सिम्युलेशनमध्ये टाकणार असाल तर चिन्ह त्या ओळीवरून ठरवा, कारण काही ठिकाणी त्या पदांपुढे उणे चिन्ह अपेक्षित असतं.

मोटरवाल्याला मी आता तीनच गोष्टी पाठवतो: PIVOT सिस्टिममधला Izz, गुरुत्वमध्याचं पिनपासूनचं अंतर आणि किती वेळात किती अंश वळायचं. परवा त्यांचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, इनर्शिया कुठल्या अक्षाभोवतीचा हे लिहून पाठवणारे थोडेच असतात, त्यामुळे त्याला बहुतेक वेळा उलट फोन करून तेच विचारावं लागतं.