सोल्युशन चांगलं होतं, एल्बो बनावट होता

नवीन सीपीव्हीसी प्लास्टिक पाइपलाइनचा एखादा जोड पुन्हापुन्हा पाझरत असेल, तर प्लंबरच्या हाताला किंवा पाइप जोडायच्या सोल्युशनला दोष देण्याआधी फिटिंग तपासा. मी स्वतः प्लंबर आहे. कंपनीचा माल म्हणून बनावट एल्बो, म्हणजे पाइपला वळण देणारे जोडतुकडे, माझ्या गळ्यात मारले गेले, ते कसं उघडकीस आलं ते सांगतो.

काम बाथरूमच्या पाऊण इंची गरम पाण्याच्या लाइनचं होतं. गीझरखालच्या एल्बोला ओल दिसली. जोड कापला, नवीन एल्बो घातला. पाइप सरळ कापून आत-बाहेर उठलेली खरखरीत कड काढली, दोन्ही भाग पुसून कोरडे केले, सोल्युशन लावलं, पाव फेरा देत पाइप तळापर्यंत बसवला आणि अर्धा मिनिट दाबून धरला. डब्यावर लिहिलेला वेळ सुकू दिला. पाणी सोडल्यावर सगळं कोरडं होतं, पण दुसऱ्या दिवशी परत थेंब आला. पुन्हा कापला, पुन्हा तेच. घरमालक म्हणाले, "तुम्हाला काम येतं ना नक्की?" दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "सोल्युशन कमी लावलं असेल, जरा जास्त लाव." हा सल्ला घातक आहे. जास्तीचं सोल्युशन पाइपच्या आत साचतं, तिथली भिंत मऊ करतं आणि पाण्याची वाटही अडवतं.

सोल्युशन नवीन होतं, पातळ होतं, त्यात गाठी नव्हत्या. त्याच डब्यातून केलेले बाकीचे जोड ठणठणीत होते. म्हणून कापून काढलेला एल्बो मी फेकला नाही, करवतीने उभा चिरला. चांगल्या जोडात पाइप आणि तो ज्यात बसतो ते एल्बोचं सॉकेट एकजीव होतात, चिरल्यावर दोघांमधली रेघ शोधावी लागते. इथे पाइपचा तुकडा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सालीसारखा सुटून आला. आत सोल्युशनचा चकचकीत थर तसाच वाळला होता आणि त्यातून बारीक पोकळ वाटा तळापासून तोंडापर्यंत गेल्या होत्या. पाणी तिथूनच येत होतं.

असं का झालं, ते समजून घ्या. सीपीव्हीसीचं सोल्युशन म्हणजे फट बुजवणारा गोंद नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग मऊ करतं आणि ते एकमेकांवर दाबले गेले की वितळून एक होतात. त्यासाठी सॉकेट आतून किंचित निमुळतं असतं: तोंडाशी पाइपपेक्षा जरा मोठं, तळाशी जरा लहान. ही घट्ट पकडच नसेल, तर सोल्युशन नुसतं मधल्या फटीत वाळतं. सुरुवातीला त्या थरावर पाणी अडतं. गरम पाण्याने पाइप फुगून-आकसून तो थर हलला की पाझर सुरू होतो.

मग कोरडी चाचणी घेतली. सोल्युशन न लावता पाइप सॉकेटमध्ये घातला, तर तो खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश भागात अडायला हवा. माझा पाइप सरळ तळाला टेकला आणि आत डुगडुगत राहिला. पण दोष पाइपचाही असू शकतो. म्हणून हाच पाइप दुसऱ्या कामातून उरलेल्या खात्रीच्या एल्बोत घातला, तर मध्येच अडला. उलट, खात्रीचा पाइप नव्या एल्बोत घातला, तर तोही सैल. कॅलिपर लावला: पाइप बाहेरून 22.2 मिमी, म्हणजे पाऊण इंचीला हवा तेवढाच. सॉकेट मात्र तोंडापासून तळापर्यंत एकाच मापाचं आणि पाइपपेक्षा मोठं.

पिशवीतले उरलेले एल्बो ओतून एकेक तपासले. वरचे काही खरे होते, खालचे सगळे सैल. वरून पाहणाऱ्याला संशय येऊ नये म्हणूनच तशी भरणी केली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. छाप दोन्हींवर एकच होती, फक्त बनावट मालावरची अक्षरं बोथट होती.

चिरलेला जोड घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने उरलेले एल्बो निमूट परत घेतले, पण भरपाईचं नाव काढताच बिल दाखवायला सांगितलं. बिलावर नुसतं "सीपीव्हीसी फिटिंग" लिहिलेलं होतं, कंपनीचं नाव नाही. त्यामुळे त्याला हात झटकता आले. माल घेताना बिलावर कंपनी, माप आणि नग लिहून घ्याच. आणि पिशवीतला वरचा एल्बो नको, तळाचा काढा आणि दुकानातच पाइपच्या तुकड्यावर चढवून बघा.

घरमालकांना मी दोन्ही चिरलेले तुकडे शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा कुठे त्यांना पटलं. त्याच दुकानातला माल आणखी एका घरात गेला आहे. तिथे टाइल लागायच्या आहेत, त्यामुळे ते काम मी थांबवलं आहे आणि प्लास्टरआड गेलेले जोड उघडून लाइन पुन्हा दाबाखाली तपासणार आहे.